‘शेवटी कापून घेतात’ म्हणे, पण पॉलिसी शेवटापर्यंत पोहोचते का?

तासगाव तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

“यजमानांची (वय 46) 20 वर्षांची, 5 लाखांची पॉलिसी आहे. वर्षाला 24,500 रुपये, असे 12 वर्षांचे 12 हप्ते भरले. तीन वर्षांपूर्वी जुनी द्राक्षबाग मोडून नवी लावताना पॉलिसीवर 2,70,000 रुपये कर्ज काढलं, दहा टक्के व्याजानं. एजंट म्हणाले, ‘व्याज भरायची घाई करू नका, शेवटी पॉलिसीतून कापून घेतात.’ म्हणून व्याज भरलं नाही, आणि ओढाताणीत हप्तेही तेव्हाच थांबले. आता कंपनीचं पत्र आलंय, येणं 3,61,826 रुपये. शाखेत विचारलं तर म्हणाले, आज सरेंडर केली तर किंमत 3,74,000 होते, बोनस 2,40,000 जमा आहे. दीर म्हणतात सोडून द्या, यजमान म्हणतात पाच वर्षांनी मिळेलच काहीतरी. त्यांना दोन वर्षांपासून शुगर आहे. काय करावं? आणि उद्या वसुली आमच्या जमिनीवर तर येणार नाही ना?”

---

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्याच्यामुळंच उडाली असणार. हे कर्ज पॉलिसीच्या तारणावर दिलेलं आहे. बाँड कंपनीकडे गहाण आहे, तुमचा सातबारा नाही. सोसायटीच्या कर्जासारखा याचा बोजा जमिनीवर चढत नाही. वाईटात वाईट काय होईल, तर पॉलिसी जाईल. मात्र ती जाणं किती जवळ आलंय, हे पत्रावरून तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तुमच्या एजंटांचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. मुदत संपताना किंवा मृत्यूदावा देताना कंपनी कर्ज आणि व्याज वळतं करून उरलेली रक्कम देते, हे खरंच आहे. पण त्यासाठी पॉलिसी तिथवर जिवंत राहायला हवी. न भरलेलं व्याज दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या सहामाहीत त्यावरही व्याज लागतं. दहा टक्के म्हणजे सहामाहीला पाच. या चालीनं कर्ज साधारण सात वर्षांत दुप्पट होतं. तुमचे 2,70,000 पहिल्या वर्षाअखेर 2,97,675 झाले, दुसऱ्या वर्षी 3,28,187 आणि तिसऱ्या वर्षी 3,61,826. पत्रातला आकडा बरोबर आहे, कंपनीनं काही चढवून लावलेलं नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी चालू असती तर तिची किंमत तीन कारणांनी वाढली असती: नवा हप्ता पडतो, नवा बोनस जमा होतो आणि मुदत जवळ येते. हप्ते थांबले की पॉलिसी ‘पेड-अप’ होते आणि पहिली दोन कारणं बंद पडतात. 20 पैकी 12 हप्ते भरले म्हणून 5 लाखांचे 3 लाख राहिले, त्यात जमा बोनस 2,40,000. म्हणजे मुदतीला 5,40,000, त्याहून एक रुपया जास्त नाही. आजची सरेंडर व्हॅल्यू म्हणजे पाच वर्षांनी मिळणाऱ्या त्या रकमेची आजची, कमी करून धरलेली किंमत. तारीख जवळ येईल तशी ती 5,40,000 कडे सरकते. कर्ज काढलं तेव्हा ती 3 लाखांच्या आसपास असणार, कारण चालू पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देतात आणि तुम्ही ते पुरतं उचललंय. पेड-अप पॉलिसीवर एलआयसी 85 टक्क्यांपर्यंतच देते. ती जी फट मोकळी ठेवतात, ती व्याजासाठीच असते.

तीन लाखांचे आठ वर्षांत 5,40,000 व्हायचे, तर वर्षाला साधारण साडेसात टक्के वाढ झाली. कर्ज मात्र सव्वादहा टक्क्यांनी वाढतंय, कारण सहामाही चक्रवाढ धरली की दहाचे सव्वादहा होतात. म्हणजे दरवर्षी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कर्ज पुढं सरकतंय आणि सुरुवातीची मोकळीक होती जेमतेम दहा टक्के. आज किंमत आणि कर्ज यांच्यात 12,000 च्या आसपास अंतर आहे. सहा महिन्यांनी ते 8,000 होईल, वर्षानं साडेतीन हजार आणि दीड वर्षानं कर्ज पुढं गेलेलं असेल. कंपनीच्या तक्त्यातला नेमका आकडा चार-दोन हजारांनी इकडं तिकडं होईल, पण दीड वर्ष हा अंदाज धरून चाला. यजमान पाच वर्षांनी जे ‘काहीतरी’ मिळेल म्हणतात, त्याचाही हिशेब मांडते: तोवर कर्ज 5,89,376 झालेलं असेल आणि मिळायचे 5,40,000.

कर्ज किमतीच्या पुढं जायला लागलं की कंपनी पॉलिसी बंद करून कर्ज वळतं करू शकते, त्याला फोरक्लोजर म्हणतात. त्याआधी नोटीस येते. आलेलं पत्र त्या वाटेवरचंच समजा, आणि शाखेत पत्ता व मोबाईल नंबर आजचा आहे का ते बघून घ्या. अनेकांची पॉलिसी अशी बंद होते की घरी कळतंच नाही, कारण नोटीस जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर गेलेली असते.

एक गोष्ट इतर वाचकांसाठीही सांगते. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांखाली आलेल्या योजनांमध्ये, हप्ते चालू असलेली किंवा सगळे हप्ते पूर्ण भरलेली पॉलिसी केवळ कर्ज किमतीच्या पुढं गेलं म्हणून बंद करता येत नाही. हप्ते अर्धवट थांबलेली पॉलिसी मात्र सूचना देऊन बंद करता येते. तुमची पॉलिसी त्याआधीची आहे, तिला बाँडवरच्या अटी लागू. पण त्या नियमामागचं गणित जुन्या पॉलिसीलाही लागू पडतं. तुमच्या घरी सगळे व्याज थकल्याची चर्चा करतायत, आणि मोठं नुकसान झालंय ते हप्ते थांबल्यामुळं. हेच बघा ना: व्याजाचा एक पैसाही भरला नसता, पण हप्ते चालू ठेवले असते, तर आज पेड-अप किंमत 3,75,000 आणि बोनस (वर्षाला 20,000 धरून) 3,00,000 झाला असता. त्यावर आजची सरेंडर व्हॅल्यू 4,67,000 च्या आसपास आली असती आणि कर्ज तेच, 3,61,826. लाखभराची मोकळीक. मुदतीपर्यंत कर्जानं गाठलंच नसतं.

म्हणून माझं मत असं, की सोडून देण्याआधी पॉलिसी पुन्हा चालू होते का ते पाहा. पहिला हप्ता चुकल्यापासून तुमच्यासारख्या जुन्या पॉलिसीत साधारण पाच वर्षांपर्यंत रिव्हायव्हल करता येतं. मधल्या काळातल्या काही पॉलिसींत दोनच वर्षं होती, म्हणून बाँडची झेरॉक्स काढून ती अट वाचा. तुमची तीनच वर्षं झालीत. तीन हप्ते आणि त्यावरचं उशिराचं व्याज मिळून 89,000 च्या आसपास कोटेशन येईल असा माझा अंदाज आहे (साडेनऊ टक्के धरून, तुमच्या पॉलिसीचा दर शाखा सांगेल). सोळाव्या हप्त्याची तारीखही भरत आलीय, त्यामुळं तोही लगेच भरावा लागेल. ही रक्कम मोठी आहे, मान्य. पण ती भरली की मागचे बोनसही परत मिळतात आणि सरेंडर व्हॅल्यू त्याच दिवशी जवळपास तेवढ्याच रकमेनं वर जाते. भरलेले पैसे कुठं गेले, असं होत नाही.

त्यानंतर पाच हप्ते, 1,22,500 रुपये. मुदतीला 5 लाख आणि 4 लाख बोनस. पुढचे बोनस असेच जाहीर होतील अशी खात्री कुणी देत नाही, पण आजवरच्या दरानं धरलं तर 9 लाख. यातून कर्ज अगदी एकही व्याज न भरता 5,89,376 गेलं तरी 3,10,000 उरतात. आज सरेंडर करून हाती येणाऱ्या 12,000 समोर हा आकडा ठेवा, आणि मध्ये घालायचे 89,000 व हप्ते वजा करून बघा. माझ्या हिशेबानं घातलेल्या पैशाला आठ-साडेआठ टक्के सुटतात. शिवाय यजमानांच्या जिवाला काही झालं, तर आज पेड-अप पॉलिसीतून कर्ज वजा जाता पावणेदोन लाखांच्या आसपास मिळतील, चालू पॉलिसीतून सव्वाचार लाखांच्या वर. शुगर असलेल्या 46 वर्षांच्या माणसाला हा फरक कुठल्याही नव्या पॉलिसीत स्वस्तात विकत मिळणार नाही.

आता शुगर. रिव्हायव्हलच्या वेळी तब्येतीचं निवेदन लिहून द्यावं लागतं, बहुधा रक्ताच्या तपासण्याही मागतील. एजंट म्हणतील, ‘शुगरचं लिहू नका, उगाच अडकेल.’ लिहा. गोळ्या कुठल्या, कधीपासून, सगळं लिहा. विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही असं जे सांगतात, ती तीन वर्षं रिव्हायव्हलच्या तारखेपासून नव्यानं मोजली जातात. लपवलं आणि त्या काळात काही झालं, तर भरलेल्या 89,000 रुपयांचाही दावा वादात जाईल. खरं सांगितल्यावर कंपनी तीनपैकी एक करेल: आहे तशी चालू करेल, थोडा जादा हप्ता लावेल किंवा नाही म्हणेल. साखर आटोक्यात असेल तर पहिल्या दोन शक्यता बऱ्याच जास्त आहेत.

नाही म्हणाले तर? इथं बरेच सल्लागार म्हणतात, ‘थकलेलं व्याज भरून टाका आणि पॉलिसी टिकवा.’ मी तसं म्हणणार नाही. 91,826 व्याज भरून कर्ज पुन्हा 2,70,000 वर आणलं आणि दरवर्षी 27,000 भरत राहिलात, तर पाच वर्षांनी हाती 2,70,000 येतील. यात घातलेले असतील सव्वादोन लाखांच्या वर, आणि सोडून दिलेले आजचे 12,000 वेगळे. परतावा चार टक्क्यांच्याही खाली जातो, बँकेतली ठेव याहून बरी. साडेसात टक्क्यांनी वाढणारी वस्तू सव्वादहा टक्क्यांच्या कर्जावर धरून ठेवायची, तर दरवर्षी तोटाच होणार. सगळं कर्ज एकदम फेडायची ऐपत असेल तर गोष्ट वेगळी.

मग उरतात दोन वाटा. एक, आत्ताच सरेंडर करून 12,000 घेणं, कारण प्रत्येक सहामाहीला त्यातले चार-साडेचार हजार कमी होतायत. दुसरी वाट तुमच्या घरासाठी मला जास्त पटते. यजमानांच्या जिवावरचं ते पावणेदोन लाखांचं संरक्षण काही वर्षं टिकवायचं असेल, तर सगळं व्याज भरायची गरज नाही. कर्ज किमतीच्या पुढं जाणार नाही एवढंच भरायचं. वर्षाला 10,000 च्या आसपास भरलं, तरी तुमच्या आकड्यांत पॉलिसी मुदतीपर्यंत तरंगती राहते. शेवटी हातात दहा-बारा हजारच येतील आणि संरक्षणही वर्षागणिक कमी होत जाईल. ही बचत म्हणून करू नका, विम्याची किंमत म्हणून करायची असेल तरच करा. मुलं अजून शिकत असतील तर मी करेन. ती कमावती झाली असतील तर सरेंडर.

पैसे भरायचे ठरले तर एक खबरदारी. हप्ता आणि कर्जाचं व्याज ही दोन वेगळी खाती आहेत. बँकेतून हप्ता आपोआप जात असला तरी त्यातून व्याज कधीच कापलं जात नाही, आणि इथंच किती लोक फसतात! ‘दर वर्षी पैसे जातायत की’ म्हणतात, आणि कर्ज शांतपणे वाढत राहतं. शाखेत भरा की ऑनलाइन, पावतीवर ‘हप्ता’ आहे, ‘कर्जाचं व्याज’ आहे की ‘कर्जाची परतफेड’ आहे ते वाचून घ्या. व्याज थकलेलं असताना भरलेली रक्कम आधी व्याजाला जाते, मग मुद्दलाला. व्याजाच्या दोन तारखा कर्जाच्या कागदावर असतात. बेदाणा विकून पैसे हातात येतात त्या महिन्यांशी त्या जुळत नसतील, तर आधीच्या विक्रीतून रक्कम बाजूला काढून ठेवा. तारखेआधी भरायला कुणी अडवत नाही.

89,000 आणायचे कुठून, हे पत्रात विचारलेलं नाही, पण प्रश्न तोच आहे. पॉलिसी भरायला सावकाराकडं जाऊ नका, तिथला दर या सगळ्या हिशेबाला खाऊन टाकेल. सोसायटीचं पीककर्ज पूर्ण घेतलंय का ते पाहा. महाराष्ट्रात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळं शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. ते कर्ज पॉलिसीत घालायचं नाही, ते बागेलाच वापरायचं. पण औषध-खताचा खर्च त्यातून भागला तर घरातला जो पैसा फवारणीत जातो, तो इकडं मोकळा होतो. दहा टक्क्यांचं पॉलिसी कर्ज काढून बागेचा खर्च करायचा आणि बिनव्याजी हक्काचं कर्ज अर्धवट सोडायचं, असं मी आपल्या भागात वारंवार पाहते. नवी बाग लावण्याचा खर्च मोठा असतो, पीककर्जात बसत नाही, हे खरं. पण दरवर्षीच्या खर्चाचं काय?

तेव्हा पहिलं काम एवढंच. शाखेत अर्ज द्या आणि एकाच तारखेचे तीन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर व्हॅल्यू, व्याजासह कर्जाची बाकी आणि रिव्हायव्हलचं कोटेशन, सोबत लागणाऱ्या तपासण्यांची यादी. तोंडी आकडा घेऊन घरी येऊ नका. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्यानंतरही महिनाभरात काही झालं नाही, तर आपल्याला पुण्याचे विमा लोकपाल आहेत, आणि तिथं वकील लागत नाही, फीही नाही.

आणि रिव्हायव्हल झालंच, तर त्यानंतर लगेच कुणीतरी सांगेल की आता तुमची किंमत वाढली, अजून 55-60 हजारांचं कर्ज बसतं, त्यातून पुढचे हप्ते भरा. आकड्यानं ते बसतंही. घेऊ नका; ते घेतलं की पुन्हा त्याच 90 टक्क्यांवर जाऊन उभ्या राहाल. पुढचे हप्ते आणि निदान अर्धं व्याज बागेच्या पैशातून जाणार असेल, तरच कोटेशनवर सही करा.